शेतनोंद : एकच आकडा, दोन तारखा आणि ‘१.२९६ किलो’ची गोष्ट

आज छाटणी नाही, डाऊनी नाही, थोडं कागदाचं लिहितो. एक्स्पोर्टची द्राक्षं करणाऱ्या आपल्या गटांत आता एक काम वाढलंय. जहाज कंपनीचे मेसेज आणि खरेदीदाराची इन्व्हॉइस इंग्रजीत येतात, ती कुणीतरी मराठी करून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि त्या चार ओळींवर तीसचाळीस घरं आपला हिशेब लावतात. इंग्रजी येणारी पोरं गावोगावी आहेत. शब्द बरोबरच उतरवतात. घोळ होतो तो आकड्यात, कारण आकडा हा ‘भाषांतर करायची गोष्ट’ आहे असं कुणाला वाटतच नाही. जसा दिसतो तसा उचलून ठेवतात.

आमच्या गटाचा २०२५ च्या हंगामातला एक कंटेनर घेऊन सांगतो. पॅकहाऊसवरून न्हावा शेवा बंदर, तिथून रॉटरडॅम. जहाज कंपनीचा मेसेज असा आला:

```
Gate-in: 01/29/2025
ETD Nhava Sheva: 02/01/2025
ETA Rotterdam: 03/04/2025 22:30 LT
```

पुढं माल पोचल्यावर खरेदीदाराची इन्व्हॉइस आली. तिच्यात शेवटची ओळ होती:

```
Payment due: 03-04-2025
```

मेसेजात 03/04/2025 आणि इन्व्हॉइसमध्ये पण 03-04-2025. गटातल्या एका पोरानं दोन्ही ठिकाणी ‘३ एप्रिल’ लिहून टाकलं. आपल्याकडं दिवस आधी, महिना नंतर, म्हणून त्याचं वाचणं आपल्या रीतीनं बरोबरच. पण जहाज कंपनीचा मेसेज अमेरिकन पद्धतीचा होता, तिथं महिना आधी. म्हणजे जहाज लागणार ४ मार्चला. खरेदीदार डच, त्यांच्यात आपल्यासारखाच दिवस आधी. म्हणजे पैसे ३ एप्रिलला. करारात ‘माल पोचल्यापासून ३० दिवस’ असं होतं, आणि ४ मार्चपासून ३० दिवस मोजले की बरोबर ३ एप्रिल येतो. आकडे तेच, अर्थात महिन्याचं अंतर, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी खरे.

पहिल्या ओळीचा परिणाम असा, की लोकांना वाटलं कंटेनर दोन महिने पाण्यावर राहणार. तात्यांचा रात्री फोन, “अरे, दोन महिन्यात द्राक्षाच्या देठाचा काडीकचरा होईल, कुठं फिरवतेत जहाज?” तो गोंधळ एका दिवसात मिटला. धोका दुसऱ्या बाजूला मोठा होता. तोच पोरगा जर ‘अमेरिकन पद्धत’ एकदा शिकून दोन्हीकडं ४ मार्च लिहून बसला असता, तर सगळ्यांनी धरलं असतं की पैसे ४ मार्चला. ज्यांच्या सोसायटीच्या पीककर्जाची मुदत ३१ मार्च, त्यांनी याच पैशावर भिस्त ठेवली असती आणि पैसे आले असते मुदत गेल्यावर तीन दिवसांनी. कर्ज वेळेत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते, पुढच्या कर्जालाही अडतं. आता इन्व्हॉइस आल्यावर तारीख नीट समजली म्हणून तिघाचौघांना ३१ मार्चच्या आतली दुसरी तजवीज करता आली. एकानं बेदाण्याचा माल आधी काढला, एकानं पाहुण्याकडून हातउसने घेतले.

मग कुठली पद्धत आहे हे ओळखायचं कसं? पत्त्यावरून देश बघून अंदाज करतात काही जण, पण त्यात राम नाही. भारतातल्या ऑफिसातून आलेला मेसेजसुद्धा कॉम्प्युटरच्या सेटिंगमुळं अमेरिकन पद्धतीचा असू शकतो. कागदातच खूण असते. त्याच कागदावरच्या सगळ्या तारखा बघायच्या आणि १२ च्या वरचा आकडा कुठं येतो ते शोधायचं. महिना १३ नसतो. मेसेजात पहिल्याच ओळीत 01/29/2025 आहे. २९ मधल्या जागी, म्हणजे महिना आधी, आणि मग त्या मेसेजातल्या सगळ्या तारखा त्याच चालीनं वाचायच्या. इन्व्हॉइसवर वरच्या बाजूला 14-03-2025 होतं. १४ पहिल्या जागी, म्हणजे दिवस आधी.

कागदावर अशी एकही तारीख नसली तर कामाच्या हिशेबानं ताडून बघायचं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली होती, त्यामुळं २०२५ च्या त्या हंगामात रॉटरडॅमला महिनाभर धरावा लागत होता. १ फेब्रुवारीला निघालेलं जहाज ४ मार्चला लागणं म्हणजे ३१ दिवस, जुळतं. ३ एप्रिल म्हणजे ६१ दिवस, जुळत नाही. तरीही शंका राहिली तर सरळ विचारून घ्यावं, “Is it 4 March or 3 April?” एवढंच. विचारण्यात कमीपणा नाही.

मराठीत उतरवताना मी आता महिना अक्षरातच लिहायला लावतो: ४ मार्च २०२५. आपण इंग्रजीत पाठवतानाही `04 Mar 2025`. आणखी एक पद्धत दिसेल, `2025-03-04`. वर्ष आधी असलं की पुढं महिना आणि मग दिवस, ती आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात सहसा गोंधळ नसतो.

त्याच ओळीतलं `22:30 LT` राहिलं. ही तिथल्या घड्याळाची वेळ. मार्चच्या सुरुवातीला रॉटरडॅम आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, म्हणून आपल्याकडं ५ मार्च, पहाटे ३. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात, त्यानंतर फरक साडेतीन तासांचा राहतो. आणि `ETA` चं मराठी ‘पोचणार’ असं ठाम करू नये, ‘पोचण्याची अंदाजे वेळ’ असं लिहावं. जहाज आहे ते, एसटी नाही. (एसटीचंही तसंच म्हणा.)

आता इन्व्हॉइस. मधला भाग असा होता:

```
Boxes: 2.880
Net weight: 12.960 kg
Price: 2,15 EUR/kg
Total: 27.864,00 EUR
Quality claim: 1.296 kg   -2.786,40 EUR
Net: 25.077,60 EUR
```

नेदरलँड्स, जर्मनी अशा देशांत टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलट चालतात. हजार तोडायला ते टिंब देतात आणि पैसे दाखवायला स्वल्पविराम. आपण `12,960.00` लिहितो तिथं ते `12.960,00` लिहितात. `2,15` म्हणजे दोन युरो पंधरा सेंट.

`12.960 kg` ला कुणी ‘बारा किलो नऊशे साठ ग्रॅम’ म्हणणार नाही, कंटेनरभर माल आहे हे माहीत असतं. गंमत पुढच्या ओळीत. क्वालिटी क्लेम `1.296 kg`. हे मराठी करताना ‘१.२९६ किलो माल खराब निघाला’ असं लिहिलं गेलं. लोकांनी वाचलं, सव्वा किलोच्या जरा वर. एवढ्या मोठ्या कंटेनरमध्ये सव्वा किलो मणीगळ म्हणजे काहीच नाही, उलट दोघांनी अंगठे टाकले. खरं होतं एक हजार दोनशे शहाण्णव किलो. आपला डबा साडेचार किलोचा, पॅलेटवर १४४ डबे, म्हणजे ६४८ किलो. १,२९६ किलो म्हणजे बरोबर दोन पॅलेट. वीस पॅलेटच्या कंटेनरमधले दोन.

पैशात ते २,७८६ युरो ४० सेंट, युरो ९० रुपये धरला तरी अडीच लाख रुपये. क्लेम पटत नसला तर तिकडं सर्व्हेअर लावून माल तपासून घेता येतो, पण ते माल कोल्ड स्टोअरमध्ये आहे तोवरच. एकदा विकला किंवा फेकला की कशाचा सर्व्हे करणार? म्हणून ‘सव्वा किलो’ वाचून गप्प बसणं अडीच लाखाला पडलं असतं. आमच्यातल्या बीकॉम झालेल्या सुनबाईंनी इन्व्हॉइस उघडून बघितली म्हणून त्याच दिवशी कळलं आणि फोटो, तापमानाची नोंद मागवता आली.

त्यांनी ओळखलं ते गुणाकारानं. टिंब-स्वल्पविरामाची शंका आली की कागदावरचे आकडे एकमेकांशी गुणून बघायचे. २,८८० डबे गुणिले साडेचार, १२,९६० किलो. १२,९६० गुणिले २.१५, २७,८६४. इथवर जुळलं म्हणजे टिंब हजाराचं आहे हे पक्कं. मग तोच नियम खालच्या ओळीला. १,२९६ गुणिले २.१५ बरोबर २,७८६.४०. जर माल खरंच १.२९६ किलो असता तर कापणी झाली असती दोन युरो ७९ सेंटची, हजारांची नाही. नुसत्या नजरेनं बघायचं तर टिंबापुढं तीन आकडे असले तर संशय घ्यायचा, कारण पैसे दोनच आकड्यांचे असतात. पण किलोत तीन आकड्यांचे ग्रॅमही असू शकतात, त्यामुळं नजरेवर सोडू नये, गुणावं.

मराठी करताना आकडा आपल्या पद्धतीनं मांडायचा, १,२९६ किलो, आणि पुढं ‘म्हणजे २ पॅलेट’ असं आपल्या ओळखीच्या मापात लिहायचं. पॅलेट म्हटलं की पॅकहाऊसवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यापुढं ढीग येतो.

रुपयांचं थोडक्यात सांगतो. मूळ रक्कम युरोतच ठेवावी, पुसून रुपये लिहू नयेत. शेजारी रुपये लिहायचे तर दर आणि दराची तारीख लिहावी, कारण बँक आपल्याला मोबाईलवर दिसणारा दर देत नाही. ती ज्या दिवशी पैसे वळते करते त्या दिवसाचा स्वतःचा दर लावते आणि आपला चार्ज कापते. ‘अंदाजे’ हा शब्द गाळला की नंतर गटाच्या सेक्रेटरीला लोक धरतात. वरचे २५,०७७ युरो ६० सेंट समजा ९० नं वळते झाले, तर बँकेच्या कागदावर `INR 2,256,984.00` असं येऊ शकतं. हे तीन-तीनचे गट आहेत, मिलियनवाले. आपले गट उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन. स्वल्पविराम सगळे पुसायचे आणि उजवीकडून नव्यानं मांडायचे: २२,५६,९८४. बावीस लाख छप्पन्न हजार नऊशे चौऱ्याऐंशी. पहिल्या स्वल्पविरामाच्या आधीचा २ बघून कुणी ‘दोन कोटी’ म्हणतो, कुणी ‘दोन लाख’. दोन्ही ऐकलेत मी.

तापमानाचा मेसेज मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात काळजाचा ठोका चुकतो. कंटेनरमध्ये ठेवलेल्या लॉगरचा मेसेज मधेच आला:

```
Return air 33.8 F / Set 31.1 F / Deviation +2.7 F
```

गटावर पडलं, ‘कंटेनरमध्ये ३३.८ डिग्री, ठरलेलं ३१.१’. एक अक्षर गळलं, `F`. आपल्याकडं डिग्री म्हटलं की सेल्सिअस. ३३.८ सेल्सिअसला द्राक्षं म्हणजे शिजलीच. पण हे फॅरनहाइट आहे. त्यातून ३२ वजा करायचे, ५ नं गुणायचं, ९ नं भागायचं. ३३.८ वजा ३२ म्हणजे १.८, पाचानं गुणून ९, नऊनं भागून १. तर आत १ अंश सेल्सिअस. ठरलेलं ३१.१ म्हणजे उणे अर्धा अंश, जे आपण द्राक्षाला ठेवतोच.

तिसरा आकडा फसवा आहे. `Deviation +2.7 F` हा फरक आहे, तापमान नाही. फरकाला ३२ वजा करायचे नसतात, फक्त ५ नं गुणून ९ नं भागायचं. २.७ चे होतात दीड अंश. १ आणि उणे अर्धा यांच्यातलं अंतर दीडच, ताळा जमला. पण त्या पोरानं मोबाईलच्या कन्व्हर्टरमध्ये २.७ टाकलं आणि उणे १६.३ आलं. ‘फरक उणे १६.३’ असं गटावर आल्यावर आधी शिजलेली द्राक्षं लोकांच्या मनात गोठली. कन्व्हर्टरची चूक नाही, त्याला काय माहीत हा फरक आहे म्हणून. मेसेजात ‘डेव्हिएशन’, ‘राइज’, ‘ड्रॉप’ असा शब्द दिसला की ते अंतर समजायचं. दीड अंशाची वाढ बघण्यासारखी असते, किती तास राहिली ते विचारावं, पण झोप उडवण्यासारखी नसते.

आता उलटी बाजू, मराठीतून इंग्रजी. इथं आपलीच बोली आपल्याला अडकवते. पॅकहाऊसवरून ट्रान्सपोर्टवाल्याला निरोप द्यायचा होता. अण्णांनी सांगितलं, “मंगळवारी रात्री दीडला गाडी निघंल.” पोरानं लिहिलं `Tuesday 1:30 AM`. आपल्या बोलण्यात पहाट होईपर्यंत रात्र आदल्या दिवसाचीच असते. इंग्रजी घड्याळात बारा वाजले की तारीख बदलते. अण्णांच्या मनातली वेळ होती बुधवार, २९ जानेवारी, ०१:३०. कंटेनरची गाडी आली सोमवार-मंगळवारच्या मधल्या रात्री, एक दिवस आधी. माल अजून प्री-कूलिंगला सुद्धा गेला नव्हता. चोवीस तास गाडी दारात उभी आणि भाडं चालू. आता निरोप असा जातो: `Wed 29 Jan, 01:30 hrs (Tue night)`. कंसातले दोन शब्द ड्रायव्हरसाठी, कारण तोही आपल्यासारखाच बोलतो.

‘परवा’चंही तेच. ‘माल परवा गेला’ आणि ‘माल परवा जाईल’, शब्द एक, दिवस दोन. क्रियापद कापून नुसतं ‘परवा’ फॉरवर्ड झालं की संपलं. इंग्रजीत ‘परवा’साठी शब्द शोधत बसू नये, तारीख घालावी.

आणि आपले पाऊण, सव्वा, दीड, अडीच. ‘पावणेतीनशे डबे’ म्हणजे २७५. शहरात वाढलेल्या पोरांना हे खरंच येत नाही, ती तीनशेतून पाव वजा करून 299.75 सांगतात, हसू नका. सव्वातीनशे म्हणजे ३२५, पाऊणशे ७५, सव्वादोन टन म्हणजे २,२५० किलो. सांगणाऱ्यानंच आकडा सुटा करून सांगावा, “दोनशे पंच्याहत्तर.”

शेवटचा प्रकार हातानं लिहिलेल्या चिठ्ठीचा. पॅलेटवर मराठी आकड्यात १४४ लिहिलेलं. बंदरावरच्या परप्रांतातल्या माणसानं ते 988 वाचलं. बरोबरच आहे त्याचं, आपला १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ दिसतो 8 सारखा. गणती जुळेना म्हणून फोन आला. तेव्हापासून पॅकहाऊसवर नियम केलाय, गावात फिरणारा कागद मराठी आकड्यात चालेल, पण जो कागद फाटकाबाहेर जाणार त्याच्यावर आकडे इंग्रजी, आणि डब्यांची संख्या अक्षरातसुद्धा. बायकांना सुरुवातीला इंग्रजी 1 आणि 7 सारखे वाटायचे, मग ७ च्या पोटात आडवी रेघ मारायला लागल्या.